दर उन्हाळ्यात भांगात होणारी आग: रुंदावत्या भांगाला ऊन लागू नये म्हणून टोपी आणि सनस्क्रीन

फेब्रुवारी सरत आला की पुष्कळ स्त्रियांची एक ठरावीक तक्रार सुरू होते. दुपारी उन्हात काम करून आल्यावर संध्याकाळी केस विंचरताना कंगव्याचे दात भांगावरून फिरले की चटका बसल्यासारखे होते. दुसऱ्या दिवशी भांगाची रेघ हाताला गरम लागते. गोऱ्या त्वचेवर ती लाल दिसते, सावळ्या त्वचेवर तांबूस किंवा नुसतीच काळपट दिसते. चार-सहा दिवसांनी त्याच रेघेत पांढरे पापुद्रे सुटू लागतात. पापुद्रे दिसताच कोंडा झाला असे ठरते, मग कोंड्याचा शाम्पू, लिंबाचा रस, कोमट तेल असे उपाय होतात, पंधरा दिवसांत त्रास शमतो आणि उपाय लागू पडला असे वाटते. पुढे एखाद्या लग्नाच्या वरातीत किंवा शाळेच्या मैदानावर दुपार काढली की सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

बहुतेक वेळा हा कोंडा नसून उन्हाने भाजलेली त्वचा असते, आणि ती वारंवार भाजते याचे कारण बहुधा असे असते की भांगाच्या दोन्ही बाजूंचे केस पूर्वीइतके दाट राहिलेले नसतात. येथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. ऊन लागल्यामुळे भांग रुंद झालेला नसतो. भांग रुंद झाल्यामुळे ऊन लागलेले असते. त्यामुळे भाजणे थांबवण्याचा उपाय निराळा आणि केस विरळ होण्याचा उपाय निराळा. एकाचे औषध दुसऱ्याला लावल्याने या तक्रारीत जितके नुकसान होते, तितके उन्हानेही होत नाही.

आधी ओळख पटवावी

उन्हाने भाजलेल्या त्वचेचे वेळापत्रक बरेचसे ठरलेले असते. उन्हात असताना फारसे काही जाणवत नाही. लाली आणि आग साधारण तीन ते सहा तासांनी सुरू होते, बारा ते चोवीस तासांत सर्वाधिक होते, आणि पापुद्रे सुटायला त्यानंतर काही दिवस जातात. म्हणून पापुद्रे दिसले त्या दिवशी आपण काय केले हे न आठवता, त्याच्या पाच-सहा दिवस आधीची दुपार कोठे गेली हे आठवावे. दुसरी खूण आकाराची आहे. भाजलेली जागा भांगाच्या रेघेशी तंतोतंत जुळते, आणि भांग बदलला असेल तर नव्या रेघेशी जुळते; केसांखाली झाकलेली त्वचा स्वच्छ असते.

कोंडा असा रेघ पाहून येत नाही. तो डोक्यावर सर्वत्र कमी-अधिक असतो, त्याचे कण पिवळसर आणि तेलकट असू शकतात, भुवयांत किंवा नाकाच्या कडेलाही तसेच सुटताना दिसते, आणि थंडीत तो कमी न होता अनेकदा वाढतो. त्यात खाज आधी येते. भाजण्यात दुखरेपणा आधी येतो, खाज नंतर पापुद्र्यांबरोबर येते. केसांना रंग किंवा काळी मेंदी लावल्यानंतर एक-दोन दिवसांत भांगात, कानांच्या पाळ्यांवर आणि मानेवर तीव्र खाज, सूज किंवा पाणी भरलेले बारीक फोड आले, तर ती रंगाची ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त. तेथे उन्हाला दोष देऊन तोच रंग पुन्हा लावणे धोक्याचे ठरते. भांगात रोज कुंकू भरण्याची सवय असेल, तर त्यातील रंगद्रव्यामुळेही असाच त्रास होऊ शकतो. काही आठवडे ते बंद ठेवून पाहणे, ही त्याची सोपी परीक्षा आहे.

लिंबाविषयी थोडे थांबून सांगणे भाग आहे, कारण कोंड्यावर लिंबू चोळण्याचा सल्ला आपल्याकडे घराघरांत मिळतो. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्ये असतात की ती त्वचेवर असताना ऊन पडले तर त्वचा साध्या उन्हापेक्षा कितीतरी अधिक भाजते. ही प्रतिक्रिया उशिरा, दोन-तीन दिवसांनी, जोरात येते, कधी फोड येतात आणि मागे काळा डाग राहतो, जो जायला महिने लागू शकतात. भांगात लिंबू चोळून, नीट न धुता बाहेर पडणे म्हणजे आधीच भाजणाऱ्या जागेवर उन्हाचे काम सोपे करून ठेवणे होय. उन्हाळ्यात डोक्याला लिंबू लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही औषधेही त्वचा उन्हाला हळवी करतात. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक आणि रक्तदाबासाठी दिले जाणारे हायड्रोक्लोरोथायझाइड ही त्यांतली नेहमीची उदाहरणे. पूर्वी जेवढ्या उन्हाने काही होत नव्हते तेवढ्यानेच आता भाजत असेल, तर गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नये.

भांगच का भाजतो

चेहरा उभा असतो, टाळू आडवी असते. सकाळी नऊ वाजता सूर्य समोरून किंवा बाजूने येतो आणि चेहऱ्याला लागतो. भर दुपारी तो वरून येतो, तेव्हा चेहऱ्यावर किरण तिरपे पडतात आणि भांगावर सरळ. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे महाराष्ट्रात सूर्य वर्षातून दोनदा खरोखरच डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळांतून जो दाखवतात, तो पुण्यात १३-१४ मेच्या आणि मुंबईत १५-१६ मेच्या सुमारास असतो. दुसऱ्यांदा तो जुलैच्या अखेरीस येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. एप्रिल-मे हे शिबिरांचे, लग्नांचे आणि जत्रांचे महिने आणि भांगावर सर्वाधिक ऊन पडण्याचे महिने एकच आहेत.

घड्याळाचाही एक बारीक मुद्दा आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची असल्यामुळे पुण्यात मे महिन्यात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. त्यामुळे अकरा ते दोन हा काळ भांगासाठी सर्वांत वाईट. घड्याळ पाहण्यापेक्षा सावली पाहणे सोपे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली असेल, तर डोके झाकण्याची वेळ झालेली आहे. हवा गार आहे किंवा पातळ ढग आहेत यावर विसंबू नये, कारण भाजण्याला कारण असलेले अतिनील किरण ऊब देत नाहीत आणि पातळ ढगांतून मोठ्या प्रमाणात खाली येतात. महाबळेश्वरला थंड वाऱ्यात फिरून आल्यावर भांग भाजल्याचे आश्चर्य वाटते ते यामुळेच. उलट समुद्रसपाटीपासून वर जावे तसे हे किरण वाढतात.

आता केसांकडे येऊ. दाट केस ही त्वचेवरची छपरी आहे आणि भांग ही त्या छपरीतली मोकळी फट. स्त्रियांमधील आनुवंशिक केसगळतीत कपाळावरची केशरेषा बहुधा जागेवर राहते आणि तिच्या मागे, भांगाच्या दोन्ही बाजूंना, एकेक केस बारीक व आखूड होत जातो. एरिक लुडविग यांनी १९७७ मध्ये या विरळपणाच्या तीन पायऱ्या वर्णन केल्या. आजही त्वचारोगतज्ज्ञ त्याच नावाने त्या ओळखतात. पहिल्या पायरीवर आरशात समोरून पाहताना काहीच वेगळे दिसत नाही. दिसते ते वरून, आणि तेथे आपली स्वतःची नजर पोहोचत नाही. त्यामुळे भांग भाजणे हीच अनेकींना केस विरळ झाल्याची पहिली खबर असते.

खात्री करायची असेल तर एक साधी तुलना करावी. घरातल्या कोणाकडून उजेडात डोक्याच्या पुढच्या भागातील भांगाचा आणि डोक्याच्या मागच्या भागात तशीच रेघ पाडून तिचा, असे दोन फोटो काढून घ्यावेत. मागची रेघ अरुंद आणि पुढची ठळकपणे रुंद असेल, तर हा आनुवंशिक प्रकार असण्याची शक्यता बरीच आहे. दोन्ही सारख्याच रुंद झाल्या असतील आणि दोन-तीन महिन्यांपूर्वी डेंगी, टायफॉइड, बाळंतपण किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर ती तात्पुरती, सर्व डोक्यावरची गळती असू शकते.

एक उदाहरण: टोपी घालूनही भांग का भाजला

पुण्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका असलेल्या, पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या माझ्या थोरल्या जाऊबाईंचे उदाहरण येथे उपयोगी पडेल, कारण त्यांनी काळजी घेतली नव्हती असे नव्हते. उन्हाळी शिबिरात त्या सकाळी सातपासून बारापर्यंत मैदानावर असत. चेहऱ्याला सनस्क्रीन, डोक्याला टोपी, आणि तरीही भांग दर वर्षी सोलवटलेला.

पहिली गोष्ट निघाली ती टोपीची. ती खेळाडू घालतात तशी फक्त पुढे कड असलेली, वरून उघडी पट्टी होती. पोनीटेल वरून मोकळी राहते आणि डोके तापत नाही म्हणून त्यांना ती आवडे. डोळ्यांवर सावली पडत होती, म्हणून डोके झाकलेले आहे असे मन मानत होते. भांग मात्र पूर्ण उघडा होता. ती बदलून त्यांनी क्रिकेटच्या सरावासाठी मिळते तशी मागे जाळी असलेली कॅप घेतली. या वेळी भांगाचा पुढचा अर्धा भाग वाचला आणि मागचा अर्धा, जेथे जाळी सुरू होते तेथून, पुन्हा भाजला. लालीची सीमा जाळीच्या शिवणीवर थांबलेली होती. अशी सीमारेषा शोधणे हीच या प्रश्नातली खरी तपासणी आहे. भाजलेली जागा कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे पाहिले की कोणत्या फटीतून ऊन आले ते सांगता येते. सायकल चालवणाऱ्यांच्या डोक्यावर हेल्मेटच्या झरोक्यांच्या आकाराचे पट्टे उमटतात तेही असेच. त्यांनी हेल्मेटच्या आत पातळ पण घट्ट विणीची टोपी घालावी. दुचाकीच्या पूर्ण हेल्मेटमध्ये हा त्रास होत नाही.

नंतर जाऊबाईंनी भांगाला सनस्क्रीन लावायला सुरुवात केली आणि तेही निष्फळ ठरले. चौकशी केल्यावर कळले की त्या सकाळी साडेसहाला, न्हाऊन तेल लावलेल्या ओलसर केसांवर, चेहऱ्यावर लावून बोटांना उरलेली सनस्क्रीन भांगावरून फिरवत. तेलाच्या थरावर ती नीट बसली नाही, अर्धी केसांना लागली, घामाने नऊ-साडेनऊपर्यंत ओघळली, आणि ऊन कडक झाले तेव्हा भांगावर काहीही उरलेले नव्हते. ओघळलेली सनस्क्रीन डोळ्यांत जाऊन डोळे झोंबत, ते वेगळेच.

टोपी निवडताना

भांगासाठी टोपी हा मुख्य उपाय आणि सनस्क्रीन हा टोपी शक्य नसेल तेव्हाचा किंवा टोपीच्या जोडीचा उपाय, हा क्रम लक्षात ठेवावा. टोपी घामाने ओघळत नाही, दोन तासांनी पुन्हा लावावी लागत नाही आणि तिचे प्रमाण चुकत नाही.

कापड आधी पाहावे. टोपी हातात धरून तिच्या माथ्याकडचा भाग ट्यूबलाइटसमोर किंवा खिडकीसमोर धरावा. धाग्यांमधून उजेडाचे ठिपके दिसत असतील तर त्याच ठिपक्यांतून ऊनही आत जाईल. गवताच्या किंवा कागदी दोऱ्याच्या विणलेल्या टोप्या समुद्रकिनाऱ्यावर छान दिसतात, पण सैल विणीच्या असतील तर या परीक्षेत बहुधा नापास होतात. आत अस्तर असलेल्या चालतात. पातळ पांढरे सुती कापड थंड वाटते, पण एकपदरी असेल तर अतिनील किरण बऱ्यापैकी आत सोडते आणि घामाने ओले झाल्यावर आणखीच. त्यापेक्षा घट्ट विणीचे, गडद रंगाचे किंवा दुपदरी कापड चांगले. टोपीवर यूपीएफ ५० असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ पडणाऱ्या अतिनील किरणांचा साधारण पन्नासावा भाग, म्हणजे दोन टक्केच आत जातो. असे लेबल नसले तरी जाड सुती डेनिम किंवा कॅनव्हासची टोपी उत्तम काम देते.

काठ साधारण साडेसात सेंटिमीटर, म्हणजे चार बोटे रुंद आणि सगळीकडून गोल असावा, म्हणजे कान आणि मानही सावलीत येतात. केवळ भांगाचा विचार केला तर साधी बंद माथ्याची कॅपही पुरते. मात्र पोनीटेल बाहेर काढण्यासाठी उंचावर फट ठेवलेल्या कॅप हल्ली मिळतात, त्या नेमक्या भांगाच्या मागच्या टोकाशी उघड्या असतात. त्या घेऊ नयेत. केस मानेपाशी खाली बांधावेत.

साडीचा पदर किंवा ओढणी डोक्यावर घेण्याची पद्धत निरर्थक नाही. शेतात काम करणाऱ्या स्त्रिया टॉवेल किंवा जाड रुमाल दुहेरी करून बांधतात, ते पातळ टोपीपेक्षा सरस असते. अडचण एवढीच की वॉयलचा किंवा शिफॉनचा एकपदरी पदर झिरझिरीत असतो आणि वाकताना घसरतो. तो दुहेरी करून पिनेने अडकवला तर काम भागते. छत्री वापरणार असाल तर काळ्या, जाड कापडाची घ्यावी. बाजूंनी परावर्तित होऊन येणारे ऊन ती अडवत नाही, पण भांगावर जे सरळ वरून येते ते अडवते.

टोपीने केस गळतात हा समज इतका पसरलेला आहे की पुष्कळ जणी केस पातळ होऊ लागताच टोपी सोडतात, म्हणजे जेव्हा तिची खरी गरज लागते तेव्हाच. केसांच्या मुळांना प्राणवायू रक्तातून मिळतो, बाहेरच्या हवेतून नव्हे. टोपी काढल्यावर तिच्यात केस दिसतात, ते एरवीही गळणारेच असतात. रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. टोपी इतकी घट्ट असू नये की कपाळावर वळ उठेल किंवा कडेचे केस ओढले जातील. घाम टिपणारी आतली पट्टी आठवड्यातून दोन-तीनदा धुवावी, नाहीतर कपाळावर पुरळ येते आणि दोष टोपीला मिळतो.

सनस्क्रीन भांगातल्या त्वचेपर्यंत पोहोचवण्याची रीत

सनस्क्रीनच्या डबीवरचा एसपीएफ प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर लावून मोजलेला असतो. भांगाची पट्टी अठरा सेंटिमीटर लांब आणि, विरळ कडांसकट, दोन सेंटिमीटर रुंद धरली, तर क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटिमीटर होते आणि लागणारी सनस्क्रीन जेमतेम ७२ मिलिग्रॅम, म्हणजे वाटाण्याएवढ्या थेंबाचा पाव भाग. यावरून दिसते की कमी पडते ती वस्तू नव्हे. लावलेल्यातली बरीचशी केसांवर राहते आणि त्वचेवर पातळ पापुद्रा उरतो, एसपीएफ ५० लिहिलेले असूनही प्रत्यक्षात त्याचा अंशच मिळतो, हा खरा दोष आहे. म्हणून हिशेबापेक्षा दुप्पट घ्यावी आणि लावण्याची रीत बदलावी.

केस कोरडे आणि तेलाविना असावेत. तेलाने केस चिकटून गुच्छ होतात, भांग अधिक उघडा पडतो, आणि खोबरेल तेल सनस्क्रीनचे काम करते ही कल्पना सोडून द्यावी. टोकदार नळीच्या बाटलीतले पातळ लोशन किंवा जेल घेऊन नळीचे तोंड त्वचेला टेकवून भांगाच्या रेघेवर बारीक धार सोडावी. मग बोटाच्या पेराने चोळण्याऐवजी थापटावे, म्हणजे ती केसांवर न चढता त्वचेवर बसते. नंतर कंगव्याच्या टोकाने मूळ भांगाच्या अर्धा सेंटिमीटर डावीकडे व उजवीकडे नवी रेघ पाडून तेथेही तसेच करावे, कारण विरळ कडांवरच पहिला चटका बसतो. वीस मिनिटे वाळू द्यावे, मग टोपी घालावी. कपाळाकडच्या बाजूला केशरेषेच्या थोडे अलीकडे थांबावे, म्हणजे घामाबरोबर डोळ्यांत उतरणारी कमी होते.

एसपीएफ ३० चालतो, ५० असल्यास चुकांना थोडी जागा मिळते. त्याबरोबर पीए+++ किंवा त्याहून वरची खूण पाहावी, ती दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांविषयी असते. झिंक ऑक्साइडची सनस्क्रीन नाजूक त्वचेला मानवते, पण काळ्या केसांत तिचा पांढरेपणा कोंड्यासारखा दिसतो. तिच्यातली रंग मिसळलेली, त्वचेच्या छटेची निवडावी. तेलकट त्वचेसाठी विकतात ती पारदर्शक जेल केसांत सर्वांत कमी दिसते. स्प्रे सोयीचा वाटतो, पण दुरून मारला तर केवळ केस ओले होतात. तो भांग पाडून, जवळून, श्वास रोखून मारावा आणि बोटाने थापटावा. त्यातील अल्कोहोलमुळे भाजलेल्या त्वचेवर तो झोंबतो. सनस्क्रीनची पावडर ब्रशने भांगावर लावता येते आणि केस विस्कटत नाहीत, पण तिचा पुरेसा थर बसणे अवघड असते. दुपारी वरून पुन्हा लावायला ती ठीक, सकाळच्या पहिल्या थरासाठी नाही. भांग भरलेला दिसावा म्हणून जे केसांचे तंतू शिंपडतात त्यांनाही संरक्षण समजू नये.

दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर ती पुन्हा लावावी लागते, आणि येथेच उन्हात काम करणाऱ्या बाईचा प्रश्न येतो, कारण मैदानावर कोणीही भांग पाडून बसत नाही. जाऊबाईंच्या बाबतीत व्यवहारात उतरलेली व्यवस्था अशी: बंद माथ्याची, गोल काठाची, हनुवटीखाली दोरी असलेली कॅनव्हासची टोपी पूर्ण वेळ, सनस्क्रीन फक्त भांगाच्या पुढच्या तीन बोटांवर, जो भाग टोपी मागे सरकली की उघडा पडतो, आणि दहा वाजता पाण्याच्या सुट्टीत तेवढ्याच भागावर दुसरा हात. त्या उन्हाळ्यात भांग भाजला तो एकदाच, एका लग्नात, जेथे टोपी घालणे त्यांना बरे दिसेना. अशा प्रसंगांसाठी आता त्या भांग न पाडता केस मागे घेऊन बांधतात. भांग वाकडातिकडा, नागमोडी पाडला तरी उघडी सरळ रेघ उरत नाही. भांग एका बाजूला हलवणेही चांगले, मात्र नवी रेघ ही आजवर ऊन न पाहिलेली त्वचा असते आणि जुन्या रेघेपेक्षा लवकर भाजते, हे पहिल्या आठवड्यात विसरू नये.

संध्याकाळी सौम्य शाम्पूने सनस्क्रीन धुऊन काढावी. रात्रभर राहिली तर घाम आणि धुळीसह ती मुळांशी साचून बारीक पुटकुळ्या येऊ शकतात.

भाजल्यानंतर

पहिल्या दिवशी गार पाण्यात भिजवलेला मऊ पंचा दहा-पंधरा मिनिटे भांगावर ठेवावा, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट लावू नये. पाणी भरपूर प्यावे, दुखत असेल तर पॅरासिटामॉल घ्यावे. सुगंधरहित कोरफडीचे जेल किंवा साधे पातळ मॉइश्चरायझर थोडेसे थापटावे. कॅलामाइन लोशन अंगाला बरे, पण केसांत वाळून त्याच्या खपल्या होतात आणि त्या काढताना त्वचा ओरबाडली जाते. गरम तेलाची मालीश, हेअर ड्रायर, कोंड्याचा औषधी शाम्पू, रंग आणि मेंदी हे सगळे त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत बंद ठेवावे. पापुद्रे बोटाने किंवा बारीक फणीने काढू नयेत. ते धुताना आपोआप जातात. औषधाच्या दुकानात खाज-खरजेसाठी मिळणारी, स्टिरॉइड मिसळलेली मलमे तर अजिबात लावू नयेत.

मोठे फोड, ताप, थंडी वाजणे, उलट्या, कपाळावर किंवा पापण्यांवर सूज, किंवा पू दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. उन्हातून आल्यावर बोलण्यात असंबद्धता किंवा भोवळ असेल, तर तो भांगाचा प्रश्न राहत नाही, उष्माघाताची शंका घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

केसांवर उपचार चालू असताना

विरळ केसांवर भांगात लावायचे मिनॉक्सिडिल अनेकजणी वापरतात. भाजलेल्या, लाल त्वचेवर ते लावू नये, कारण तेथून ते अधिक शोषले जाते आणि त्यातील अल्कोहोल व प्रोपिलीन ग्लायकॉलने आग वाढते. त्वचा बरी होईपर्यंत काही दिवस खंड पडला तर महिनोन्महिन्यांच्या उपचारात त्याने फारसे बिघडत नाही. एरवीही उन्हाळ्यात ते शक्यतो रात्री लावावे. सकाळी लावायचे असेल तर पूर्ण वाळल्यावरच वरून सनस्क्रीन लावावी, दोन्ही एकत्र कालवू नयेत. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात, तोवर टोपी हाच आधार असतो.

उपचार सुरू करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणे पैसे वाचवणारे ठरते, कारण हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडच्या तपासण्यांतून कधी कधी सहज दुरुस्त होणारे कारण सापडते. भेटीला जाताना वर सांगितलेले दोन फोटो बरोबर न्यावेत, आणि त्या दिवशी भांग तेल न लावता, तंतू न शिंपडता ठेवावा.

भांगातली एखादी जागा मात्र थांबून पाहण्यासारखी नसते. भाजणे बरे झाल्यावरही चार आठवड्यांनंतर तेथे खरखरीत, खपली धरणारा किंवा रक्त येणारा ठिपका राहिला असेल, किंवा त्वचा गुळगुळीत, चकचकीत होऊन केसांची छिद्रेच दिसेनाशी झाली असतील, तर तो साधा उन्हाचा परिणाम नसून त्वचेखाली चाललेला दाह असू शकतो. ल्युपससारखे काही आजार उन्हाने चेततात आणि मुळे कायमची नष्ट करतात. अशा वेळी डॉक्टर त्या ठिपक्याचा बारीक तुकडा तपासणीसाठी घेण्याचा सल्ला देतील. तो टाळू नये, कारण नष्ट झालेली मुळे कोणत्याही औषधाने परत येत नाहीत आणि त्या जागेला यापुढे बाराही महिने झाकणे लागते.